मुदत ठेवीवर जाहिरातीपेक्षा कमी व्याज जमा झालंय. बँकेला द्यायचं पत्र तपासून द्याल का?

निशिकांत_कराड (३ ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. आईच्या नावावर (वय ६७) मी ८ जुलै २०२४ ला एका नागरी सहकारी बँकेत ५ लाखांची मुदत ठेव केली. मुदत ५ वर्षं, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवायचं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण अजून त्यांच्याशी बोलणं व्हायचं आहे.

ठेव करताना शाखेत मोठा फलक होता. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. "ज्येष्ठ नागरिक, ५ वर्षे" या ओळीपुढे ठळक अक्षरात "वार्षिक उत्पन्न ८.३०%" असं लिहिलंय. परवा वर्ष पूर्ण झालं म्हणून खात्याचा व्याजाचा उतारा काढला. वर्षभराचं व्याज ३३,३०१ रुपये. ८.३० टक्क्यांनी साधं व्याज धरलं तरी ४१,५०० व्हायला हवं. तिमाही चक्रवाढ धरली तर माझ्या हिशोबाने ४२,८१०. म्हणजे ९,५०९ रुपये कमी. वडील गेल्यावर मिळालेल्या पैशांतली ही ठेव आहे, म्हणून जास्तच लागलंय.

पत्राचा मसुदा असा केलाय:

"मा. शाखाधिकारी, आपण जाहीर केलेल्या ८.३० टक्के वार्षिक दराप्रमाणे तिमाही चक्रवाढीने माझ्या आईच्या ठेवीवर पहिल्या वर्षी ४२,८१० रुपये व्याज देय होते. प्रत्यक्षात ३३,३०१ रुपयेच जमा झाले आहेत. ही ठेवीदाराची फसवणूक आहे. फरकाचे ९,५०९ रुपये आठ दिवसांत जमा करावेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करण्यात येईल."

भाषा ठीक आहे का? अजून कडक लिहू का?

---

रोखठोक

फसवणूक वगैरे काही नाही हो. टीडीएस कापलाय, दुसरं काय! बँक व्याजावर १० टक्के कापून उरलेलं जमा करते. आईंनी पंधरा एच भरला होता का? नसेल तर पुढच्या वर्षी भरा आणि विवरणपत्र भरून कापलेलं परत मागा. पत्र कसलं लिहिताय?

---

निशिकांत_कराड

नाही भरला. पण उताऱ्यात टीडीएसची वेगळी ओळ दिसत नाही. या बँकेत आईची हीच एक ठेव आहे.

---

निवृत्त_रोखपाल

निशिकांत, पत्र आज देऊ नका. एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली आहेत, त्यातली बरीच ठेव विभागात. असं पत्र टेबलावर आलं की अधिकारी पहिल्या ओळीतली चूक दाखवतो आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवतो. तुमच्या पहिल्या ओळीत चूक आहे. तरीही तुमचे पैसे कमी आले असण्याची शक्यता मला वाटते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

आधी ८.३० चं बघू. त्याच फलकावर जवळपास कुठेतरी ७.०० हा आकडा आहे का? फोटो मोठा करून बघा. माझा अंदाज आहे की व्याजदर ७ टक्के आणि "उत्पन्न" ८.३० असेल.

रोखठोक, टीडीएसची शंका रास्त आहे, पण इथे ती बसत नाही. २०२४-२५ मध्ये ज्येष्ठांना एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५० हजारांवर गेलं तरच कपात होती. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १ लाख झाली. एकाच ठेवीचं ३३ हजार व्याज त्याच्या खालीच राहतं. शिवाय १० टक्के कापून ३३,३०१ उरले असते तर मूळ व्याज ३७,००१ हवं. तो आकडा ना ७ टक्क्यांनी येतो ना ८.३० ने.

---

निशिकांत_कराड

बरोबर निघालं काका. बारीक अक्षरात "व्याजदर ७.००%" आहे आणि शेजारच्या रकान्यात मोठ्या अक्षरात ८.३०. वर एक तारांकित खूण आहे, पण खालची ओळ फोटोत आली नाही. मग ८.३० म्हणजे नक्की काय? दोन दर कसे?

---

निवृत्त_रोखपाल

दर एकच आहे, ७ टक्के. ८.३० कसा काढतात ते सांगतो. ५ लाखांवर ७ टक्के, तिमाही चक्रवाढ, ५ वर्षं ठेवले की मुदतीअखेर ७,०७,३८९ होतात. म्हणजे एकूण व्याज २,०७,३८९. त्याला ५ ने भागा, दर वर्षाचे साधारण ४१,४७८ येतात. ५ लाखांवर हे ८.३० टक्के.

पाच वर्षांची चक्रवाढ आधी आत घातली, मग पाचने भागलं आणि त्याला "वार्षिक" म्हटलं. तुम्ही त्यावर पुन्हा चक्रवाढ लावलीत, म्हणून ती दोनदा मोजली गेली.

आणि ही सरासरी आहे, ती पहिल्याच वर्षी मिळत नाही. ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षी ३५,९२९ येतात, पाचव्या वर्षी ४७ हजारांच्या वर. मध्येच ठेव मोडली तर ८.३० चा विषयच संपला. एका वर्षाचं खरं उत्पन्न बघायचं तर ७ टक्के तिमाही चक्रवाढीचं ७.१९ टक्के होतं, बस्स.

एक्सेलमध्ये ताडून बघा:

```
=500000*(1+0.07/4)^4-500000
```

तेव्हा ४२,८१० ची मागणी सोडून द्या. पण ३५,९२९ आणि ३३,३०१ यांत २,६२८ चा फरक उरतोच आणि मला त्याचीच काळजी आहे. उताऱ्यातल्या चारही तिमाहींच्या नोंदी इथे टाका. आणि ठेव पावतीवर दर किती छापलाय तेही बघा.

---

अनघा_ठाणे

माझंही अगदी हेच झालंय! १० लाख, ७ टक्के, मासिक व्याज. महिन्याला ५,८३३ यायला हवेत, येतात ५,८००. बँकेत विचारलं तर म्हणाले सिस्टिमनेच येतं. महिन्याला ३३ रुपये थोडे वाटतील, पण वर्षाचे ४०० होतात. मीही याच पत्रात नाव घालून देऊ का?

---

निवृत्त_रोखपाल

अनघाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे आणि तुमच्या बँकेचं बरोबर आहे. ७ टक्के हा दर तिमाहीच्या शेवटी मिळणाऱ्या व्याजाचा. तिमाहीचं व्याज १७,५००. तुम्ही ते तीन भागांत घेता आणि पहिले दोन भाग तिमाही संपायच्या आधीच हातात येतात. ते आधी मिळालेले पैसे तिमाहीअखेरपर्यंत त्याच दराने वाढले तर तिन्ही मिळून १७,५०० व्हावेत, असा हप्ता काढतात. तो ५,७९९.६३ येतो, म्हणजे ५,८००. लवकर घेतल्याची ती कसर आहे. निशिकांतच्या ठेवीत व्याज बाहेर काढलेलंच नाही, त्यामुळे तिथे हे कारण चालणार नाही.

---

अनघा_ठाणे

असं शाखेत कुणी समजावून सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. धन्यवाद काका.

---

निशिकांत_कराड (४ ऑगस्ट)

नोंदी अशा आहेत:
८ ऑक्टोबर: ८,१२५
८ जानेवारी: ८,२५७
८ एप्रिल: ८,३९१
८ जुलै: ८,५२८

पावती आईकडे गावाला, कपाटात आहे. शनिवारी जाईन तेव्हा बघतो.

---

निवृत्त_रोखपाल

पावतीची वाट बघायची गरज नाही, पहिल्या नोंदीनेच सगळं सांगितलंय. पहिल्या तिमाहीत अजून चक्रवाढ सुरू झालेली नसते, त्यामुळे तिथे दर उघडा दिसतो. ८,१२५ ला ४ ने गुणा, ३२,५०० झाले. ५ लाखांवर हे बरोबर साडेसहा टक्के. पुढच्या तीन नोंदीही ६.५ टक्क्यांच्या चक्रवाढीला रुपयापर्यंत जुळतात. म्हणजे चक्रवाढ नीट झालीय, मोजणी नीट झालीय. दर चुकलाय. ७ टक्क्यांनी पहिली नोंद ८,७५० असती.

आता फलकावर सर्वसाधारण ठेवीदारांसाठी ५ वर्षांचा दर किती होता ते बघा.

---

निशिकांत_कराड

६.५०. काका, अंगावर काटा आला.

---

वसुधा_नाशिक

म्हणजे आईंना ज्येष्ठ नागरिक धरलंच नाही! निशिकांत, पावतीवर पहिलं नाव तुमचं आहे का? माझ्या सासूबाईंच्या बाबतीत असंच झालं होतं. संयुक्त ठेवीत पहिलं नाव माझ्या यजमानांचं लिहिलं गेलं आणि ज्येष्ठांचा जादा दर मिळाला नाही. पहिला ठेवीदार ज्येष्ठ असावा लागतो असं बँकेने सांगितलं. ती चूक आमचीच होती, फॉर्मवर आम्हीच तसं लिहून दिलं होतं.

---

निशिकांत_कराड

नाही ताई, पहिलं नाव आईचंच, दुसरं माझं. हे नक्की आठवतं. आधार आणि पॅनची प्रतही दिली होती, जन्मतारीख दोन्हींवर आहे.

---

रोखठोक

टीडीएसचं माझं चुकलं, मान्य. पण एक शंका राहतेच. तिमाहीत कधी ९० दिवस असतात, कधी ९२. बँका दिवसांवर व्याज काढतात. मग ८,१२५ वरून थेट ६.५ टक्के कसं म्हणता?

---

निवृत्त_रोखपाल

चांगला प्रश्न. पूर्ण तिमाहीला बऱ्याच बँका वर्षाचा चौथा भाग धरतात आणि सुट्या दिवसांसाठीच ३६५ ने भागतात. काही दिवसांवरच काढतात. या ठेवीची पहिली तिमाही ९२ दिवसांची आहे. दिवसांवर काढलं तर ६.५ टक्क्यांनी ८,१९२ येतात आणि ७ टक्क्यांनी ८,८२२. नोंद ८,१२५ ची आहे, म्हणजे या बँकेने चौथा भागच धरलाय. कुठल्याही पद्धतीने ७ टक्के बसत नाही.

---

भाऊ_पंढरपूर

एवढी डोकेफोड कशाला? ठेव मोडा आणि दुसरीकडे टाका. आमच्या पतसंस्थेत ९ टक्के मिळतात.

---

निवृत्त_रोखपाल

भाऊ, कृपा करून असा सल्ला देऊ नका. आज मोडली तर बँक ५ वर्षांचा दर देणार नाही. जेवढा काळ ठेव राहिली त्या मुदतीचा दर देईल आणि त्यातून बहुतेक ठिकाणी १ टक्का दंड कापला जातो. शिवाय फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आलाय, ठेवींचे दरही उतरलेत. मागच्या जुलैतला ७ टक्के आज सहज मिळणार नाही. तो जुना दर मिळवणं हेच या ठेवीचं मोल आहे. पाच वर्षांत ६.५ ने ६,९०,२१० होतील आणि ७ ने ७,०७,३८९. सतरा हजारांचा फरक आहे.

पतसंस्थेबद्दल एवढंच की ती बँक नसते. तिथल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येत नाही. सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.

---

भाऊ_पंढरपूर

आमची वीस वर्षं व्यवस्थित चालू आहे. पण ठीक, ज्याचा त्याचा प्रश्न.

---

वसुधा_नाशिक

मला मात्र त्या ८.३० च्या फलकाचा राग येतोय. ज्येष्ठ माणूस बारीक अक्षरातला ७.०० बघेल की मोठ्या अक्षरातला ८.३०? पत्रात याचाही जाब विचारायला हवा.

---

निवृत्त_रोखपाल

ताई, माझं मत थोडं वेगळं आहे. आकडा खोटा नाही, शेजारी खरा दरही लिहिलाय. पण त्याला "वार्षिक" म्हणणं मलाही कधी पटलं नाही आणि शाखेत असताना मी ते तोंडी समजावून सांगत असे. तक्रार करायची तर ती वेगळ्या पत्रात करा. एकाच पत्रात दोन्ही घातलं तर बँक फलकाचं उत्तर देईल आणि अर्ध्या टक्क्याचं राहून जाईल.

---

वसुधा_नाशिक

वेगळं पत्र द्या, पण द्याच. तोंडी समजावणारे काका प्रत्येक शाखेत नसतात.

---

निशिकांत_कराड (१० ऑगस्ट)

गावाला जाऊन आलो. पावती बघितली आणि मन खट्टू झालं. पहिलं नाव आईचंच आहे, पण दर ६.५० छापलाय आणि मुदतीअखेरची रक्कम ६,९०,२१०. पावती हातात घेतली तेव्हा मी नाव आणि मुद्दल बघितलं, बाकी काही वाचलं नाही. आता बँक म्हणेल की पावतीवर ६.५० आहे आणि तुम्ही वर्षभर गप्प होतात.

---

निवृत्त_रोखपाल

म्हणू शकते. म्हणून पत्राचा भर पावतीवर ठेवू नका, त्या दिवशीच्या दरपत्रकावर ठेवा. ठेव ठेवली त्या तारखेला ज्येष्ठांचा दर ७ होता, ठेवीदार ज्येष्ठ होत्या, वयाचा पुरावा बँकेकडे होता. हे तिन्ही मुद्दे कागदावर आहेत. बहुधा संगणकात ठेव उघडताना सर्वसाधारण योजना निवडली गेली, किंवा ग्राहकाच्या नोंदीत जन्मतारीख भरलेली नव्हती. कोणतं ते बँकेलाच तपासू द्या, तुम्ही कुणावर आरोप करू नका. चूक कबूल करणं सोपं जाईल असं लिहा.

"फसवणूक" शब्द काढा. आठ दिवसांची मुदतही काढा, ती तुमच्या हातात नाही. आणि पत्रावर सही आईंची हवी, ठेवीदार त्या आहेत.

---

निशिकांत_कराड

नवा मसुदा:

"मा. शाखाधिकारी यांस,
विषय: मुदत ठेवीस ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर न लागल्याबाबत.

मी दि. ८ जुलै २०२४ रोजी आपल्या शाखेत ५,००,००० रुपयांची ५ वर्षांची पुनर्गुंतवणूक ठेव ठेवली आहे. मी या ठेवीची प्रथम धारक असून त्या दिवशी माझे वय ६६ वर्षे होते. आधार व पॅनच्या प्रती ठेवीच्या अर्जासोबत दिलेल्या आहेत.

त्या दिवशीच्या आपल्या दरफलकानुसार ५ वर्षांसाठी ज्येष्ठ नागरिकांचा दर ७.०० टक्के व सर्वसाधारण दर ६.५० टक्के होता. ठेवीच्या पहिल्या तिमाहीत ८,१२५ रुपये व्याज जमा झाले आहे, ते ६.५० टक्के दराने येते. ७.०० टक्के दराने ते ८,७५० रुपये होते. पहिल्या वर्षाचे व्याज ३५,९२९ ऐवजी ३३,३०१ रुपये जमा झाले असून २,६२८ रुपयांचा फरक आहे.

तरी कृपया (१) दि. ८ जुलै २०२४ पासून ७.०० टक्के दर लावून फरकाची रक्कम ठेवीत मिळवावी, (२) ७,०७,३८९ रुपये मुदतपूर्ती रक्कम दर्शवणारी दुरुस्त पावती द्यावी, (३) हे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.

सोबत: पावतीची प्रत, व्याजाचा उतारा, दरफलकाचे छायाचित्र, आधारची प्रत."

---

निवृत्त_रोखपाल

उत्तम. तिसरी मागणी फार महत्त्वाची आहे, ती काढू नका. तोंडी नकार पुढे कुठेच दाखवता येत नाही. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह आवक शिक्का आणि सही घ्या. शिक्का दिला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. बँकेला आधी लेखी विचारल्याशिवाय ते तक्रार घेत नाहीत, म्हणून हा शिक्का. एक बघून घ्या: बिगर-अनुसूचित नागरी सहकारी बँक असेल तर ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या बँकाच त्या योजनेत येतात. तुमची किती मोठी आहे ते वार्षिक अहवालात मिळेल.

---

अनघा_ठाणे

फलकाच्या फोटोवर तारीख आहे का? फोनमधल्या मूळ फोटोत तपशील राहतो, व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्यात राहत नाही. मूळ फोटो पुसू नका.

---

निशिकांत_कराड

मूळ फोटो आहे ताई, ८ जुलै २०२४, सकाळी ११ ची वेळ दिसते. लगेच आणखी दोन ठिकाणी जपून ठेवला.

---

निशिकांत_कराड (२२ ऑगस्ट)

कालची बातमी. आईला घेऊन शाखेत गेलो. नवीन शाखाधिकारी बाई आहेत. त्यांनी पत्र नीट वाचलं, आईला बसायला खुर्ची दिली आणि संगणकावर ठेव उघडून बघितली. आईच्या ग्राहक नोंदीत जन्मतारखेच्या जागी ०१-०१-१९९० असं काहीतरी भरलेलं निघालं. त्यांनी आधारवरून ती तिथेच दुरुस्त करायला दिली. पत्रावर शिक्काही मिळाला.

दराचं मात्र लगेच झालं नाही. आजपासून ७ टक्के करता येईल, पण मागच्या तारखेपासून करायचं तर मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल, असं म्हणाल्या. आईने तिथेच सांगितलं, "माझं वय आज वाढलं नाही, गेल्या वर्षीही तेवढंच होतं." बाई हसल्या आणि पत्र मुख्य कार्यालयाला पाठवते म्हणाल्या.

काका, आजपासूनची दुरुस्ती आत्ता घ्यावी का? घेतली तर मागचा हक्क सोडला असं होईल का?

---

निवृत्त_रोखपाल

घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण सही करण्याआधी कागद वाचा. "मागील कालावधीबाबतची मागणी कायम ठेवून" एवढे शब्द हाताने लिहून मग आईंची सही करा. त्यांनी तसं लिहू दिलं नाही तर सही न करता मुख्य कार्यालयाच्या उत्तराची वाट बघा. तीस दिवस २१ ऑगस्टपासून मोजा.

---

रोखठोक

माझं मत वेगळं आहे. मी आत्ताच घेतलं असतं. २,६२८ साठी पुढच्या चार वर्षांचा दर अडकवून ठेवणं योग्य नाही. मुख्य कार्यालयाने दोन्हीला नकार दिला तर?

---

वसुधा_नाशिक

नकार लेखी आला तर पुढचं दार उघडंच आहे. निशिकांत, आईंना माझा नमस्कार सांगा. आणि फलकाचं दुसरं पत्र विसरू नका.

---

निशिकांत_कराड

आईशी बोललो. ती म्हणते, काकांनी सांगितलेले शब्द लिहू दिले तरच सही करेन. सोमवारी पुन्हा जातोय. फलकाचं पत्रही सोबत नेतो, खाली तारांकित ओळीत काय लिहिलंय ते या वेळी जवळून वाचून इथे टाकतो.